बोर्डावर ‘श्‌रीकसिन’ छापून आलंय, ही टायपिंग करणारीची चूक आहे का?

पेठेतला_वाचक

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचं एक छोटं वाचनालय आहे आणि मी त्याच्या समितीवर आहे. दरवर्षी १२ जानेवारीला आम्ही चार हुतात्म्यांच्या स्मरणाचा कार्यक्रम करतो, १९३१ साली त्याच दिवशी येरवड्याला चौघांना फाशी दिली होती. यंदा मोठा फ्लेक्स करायचं ठरलं, मजकूर आमच्या ऑफिसात काम करणाऱ्या मुलीने टाईप केला आणि व्हॉट्सॲपवर फ्लेक्सच्या दुकानात पाठवला, दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्ड आला तोच मुळी लावायच्या वेळेला, त्यामुळे कोणी वाचूनच पाहिला नाही.

बोर्डावर ‘श्‌रीकसिन सारडा’, ‘मल्‌लप्‌पा धनशेट्‌टी’, ‘जगन्‌नाथ’, ‘कुर्‌बान हुसेन’ असं छापलंय. शिंदे तर इथे लिहूनही दाखवता येत नाही, पहिली वेलांटी श सोडून द वर गेलीय. हुतात्म्यांची नावं अशी छापली जाणं ही साधी गोष्ट नाही, लोकांनी फोटो काढून ग्रुपवर टाकले, मला स्वतःला फार वाईट वाटलं.

पण त्याहून वाईट पुढे झालं. ती मुलगी तेलुगू भाषक घरातली आहे. समितीत लगेच सुरू झालं की हिचं मराठीच कच्चं, जोडाक्षरं येत नाहीत, फ्लेक्सचे पैसे तिच्या मानधनातून कापा. मी तिने पाठवलेला मूळ मेसेज माझ्या फोनवर उघडून बघितला तर त्यात एकही चूक नाही. सगळी नावं बरोबर. मी हे समितीत दाखवलं तर म्हणाले तिने नंतर दुरुस्त केलं असेल. आता मला हे नीट समजून घ्यायचंय आणि पटवूनही द्यायचंय. कोणाला माहीत असेल तर सांगा प्लीज.

निवृत्त_गुरुजी

चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे म्हणून बोलतो. हल्ली मुलांना पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी यातला फरकच कळत नाही. शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा एवढा साधा नियम आहे पण तोही पाळत नाहीत. ‘श्रीकिसन’ मधली वेलांटी क ला आहे, ती स ला कशी जाईल? लिहिणाऱ्याने उच्चारच केलेला नाही. यात कॉम्प्युटरला दोष देऊन चालणार नाही, कॉम्प्युटर तुम्ही जे टाईप कराल तेच छापतो.

पेठेतला_वाचक

गुरुजी, ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न नाहीये हो. किसन मधली वेलांटी पहिलीच आहे, फक्त जागा चुकलीय. आणि मूळ मेसेजमध्ये ती बरोबर जागी आहे.

बाळू_फ्लेक्स

भाऊ हा फॉन्टचा प्रॉब्लेम हाय. आमच्याकडं पण येतो. फॉन्ट बदलला की झालं, चांगला युनिकोड फॉन्ट टाकायला सांगा दुकानवाल्याला. मंगल टाका नाहीतर मुक्ता टाका.

अक्षरजुळारी

उशिरा वाचतोय, पण यावर जरा सविस्तर लिहितो कारण अशाच कारणावरून माझ्या ओळखीत एका मुलाचं काम गेलंय. मी प्रेसमध्ये जुन्या फॉन्टच्या काळापासून डीटीपी करतोय.

वाचकभाऊ, तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे. बोर्डावर काय बरोबर आलं ते बघा. सारडा बरोबर. हुसेन बरोबर. सोलापूर पण बरोबरच आलं असणार. आणि काय मोडलं? श्री, ल्ल, प्प, ट्ट, न्न, र्बा, आणि कि, शिं. म्हणजे जिथे जोडाक्षर किंवा रफार आहे तिथेच आणि पहिली वेलांटी आहे तिथेच मोडलं. ज्याचं मराठी कच्चं असतं तो माणूस असा शिस्तीत चुकत नाही, त्याच्याकडून हुसेन चं हूसेन होईल, जगन्नाथ चा एक न राहून जाईल, एका ठिकाणी चूक आणि पुढच्या ओळीत तोच शब्द बरोबर असंही होईल. इथे एकही जोडाक्षर वाचलेलं नाही आणि एकही साधं अक्षर मोडलेलं नाही. हा माणसाच्या हातचा प्रकारच नाही.

आता होतं काय ते सांगतो. युनिकोडमध्ये मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो. ‘कि’ म्हणताना आपण आधी क म्हणतो मग इ, तसंच आधी क आणि मग वेलांटी. जोडाक्षराला तर वेगळा नंबरच नसतो, ‘ल्ल’ म्हणजे ल, मग पाय मोडायची खूण, मग परत ल, असे तीन नंबर. दाखवायची वेळ येते तेव्हा सॉफ्टवेअरमधला एक वेगळा भाग फॉन्टला विचारतो की बाबा हे तीन एकत्र आले तर काय काढू, आणि वेलांटी उचलून क च्या डावीकडे नेऊन ठेवतो, र् उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार म्हणून बसवतो. फोनमध्ये, ब्राउझरमध्ये हा भाग असतोच. डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या बऱ्याच जुन्या व्हर्जनमध्ये तो नसतो, किंवा असतो पण बंद असतो. मग ते बिचारं सॉफ्टवेअर जसे नंबर आले तसे एकापुढे एक चिकटवत जातं. श, मोडका पाय, र, ी, क, वेलांटी, स, न. वेलांटी क च्या पुढे पडली की तिची कमान पुढच्या स वर जाते आणि वाचणाऱ्याला ‘कसि’ दिसतं. साठवलेलं ‘कि’ च आहे.

बाळूभाऊंचं अर्धं बरोबर आहे. फॉन्टमध्ये जोडाक्षरांच्या आकृत्या आणि नियम असावे लागतात हे खरंच. पण मंगल, मुक्ता दोन्हीत ते आहेतच, आणि सॉफ्टवेअर त्यांना विचारतच नसेल तर शंभर फॉन्ट बदलून बोर्ड असाच येणार. ओळखायचं कसं, तर तोच फॉन्ट तोच मजकूर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, तिथे नीट आला की फॉन्ट सुटला.

रूपाली_पार्कचौक

बापरे, म्हणजे इतकी वर्षं मी रस्त्यावरच्या बोर्डांना हसत आलेय ते सगळे बिचारे निर्दोष होते का? पण मग व्हॉट्सॲपवर दुकानदाराला पण बरोबरच दिसलं असेल ना, त्याच कॉम्प्युटरवर? मग त्याने छापताना बघितलं कसं नाही?

अक्षरजुळारी

ताई, सगळे नाहीत, खरोखर चुकलेले बोर्डही भरपूर असतात. आणि हो, त्याच कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲपमध्ये त्याला बरोबरच दिसलं असणार. तिथून कॉपी करून डिझाइनमध्ये पेस्ट केलं की मोडलं. सीझनला दिवसाला पन्नास बोर्ड काढणारा माणूस वाचत नाही, तो फोटो नीट बसलाय का ते बघतो.

बाळू_फ्लेक्स

खरं सांगू का दादा, आमाला दिसतं. मोडलेलं दिसलं की आमी हातानं नीट करतो. वेलांटी काढायची आणि अक्षराच्या आदी टाकायची, मग बराबर दिसतंय. जोडाक्षराला अर्धं अक्षर दुसऱ्या फॉन्टमधनं आणून चिकटवायचं. वेळ नसला की राहतंय एखादं. हे चुकीचं हाय का? बोर्ड तर बराबर निगतोय की.

अक्षरजुळारी

बाळूभाऊ, बोर्डापुरतं चालतं, आणि तुम्ही निदान बघता तरी. पण धोका असा की तुम्ही दिसायला नीट केलंत आणि आत मजकूर चुकीचा झाला. वेलांटी आधी क नंतर. उद्या गिऱ्हाईक म्हणालं की तोच मजकूर मला द्या फेसबुकला टाकायचाय, की तुम्ही तिथून कॉपी करून देणार, आणि ज्या फोनमध्ये सगळं व्यवस्थित आहे तिथे ठिपक्यांचा एक पोकळ गोल येऊन त्याला वेलांटी लटकलेली दिसणार. तो गोल म्हणजे सॉफ्टवेअर सांगतंय की या वेलांटीला धरायला अक्षरच नाही. म्हणून हाताने केलेली दुरुस्ती त्या फाइलमध्येच ठेवा, मजकूर म्हणून कोणाला देऊ नका, मूळ मेसेजच पुढे पाठवा.

कायमचा उपाय म्हणजे सॉफ्टवेअरमधली सोय चालू करायची. इनडिझाइन असेल तर पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडा. फोटोशॉपच्या अलीकडच्या व्हर्जनमध्ये `World-Ready Layout` मिळतं. ते नसेल इतकं जुनं व्हर्जन असेल तर तिथे टाईपच करू नका. इंकस्केप फुकट आहे, त्यात मजकूर टाका, नीट दिसला की `Path > Object to Path` करा. म्हणजे आपल्या भाषेत कर्व्ह करून घ्या आणि तो आकार तुमच्या डिझाइनमध्ये आणा. कर्व्ह झाल्यावर ती अक्षरं राहत नाहीत, चित्र होतं, त्यामुळे जगात कुठेही मोडत नाही, पण एक काना सुद्धा नंतर बदलता येत नाही. म्हणून वाचून घ्यायचं ते कर्व्ह करायच्या आधी.

निवृत्त_गुरुजी

अक्षरजुळारी यांचं बोर्डाबद्दलचं म्हणणं वाचलं. दोनदा वाचलं. पटण्यासारखं आहे. पण मग त्याच वाचनालयाची स्मरणिका मला प्रूफ वाचायला दिली आहे, तिचं काय? त्यात ‘आथिर्क’ आहे, ‘मागर्दशर्न’ तीन वेळा आहे, ‘परिसि्थती’ आहे. तीसुद्धा त्याच मुलीने तयार केली आहे. आणि हे कागदावर नाही, मला फाइल पाठवली आहे, माझ्या मोबाईलवरच असं दिसतं. इथे तर रफार नीट काढलेला आहे, फक्त चुकीच्या अक्षरावर दिला आहे. हे कसं काय?

पेठेतला_वाचक

गुरुजी ती स्मरणिका तुमच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं! त्यातला पहिला भाग जुन्या अध्यक्षांच्या भाषणांचा आहे, तो २००४ च्या फाइलमधून घेतलाय. जुन्या फॉन्टमध्ये होता, कोणीतरी ऑनलाइन कन्व्हर्टरमधून युनिकोड करून दिला. तिने फक्त पानं लावली.

अक्षरजुळारी

गुरुजी, तुमची नजर अगदी बरोबर ठिकाणी गेलीय. दोन्ही ठिकाणी वाचणाऱ्याला चूकच दिसते, पण ही दुखणी वेगळी आहेत.

बोर्डावर कुर्बान चा रफार तयारच झालेला नव्हता, पाय मोडलेला र तसाच उभा होता. स्मरणिकेत रफार तयार झालाय, सुबक झालाय, पण आथिर्क मध्ये तो थ सोडून क वर बसलाय. म्हणजे तुमचा मोबाईल आपलं काम चोख करतोय, त्याला मजकूरच चुकीच्या क्रमाने मिळालाय. सोपी खूण अशी, की पाय मोडके र, ल, श सगळीकडे दिसले तर दाखवण्यात गडबड आहे, आणि रफार व्यवस्थित दिसतोय पण एक घर पुढे सरकलाय तर आतला मजकूरच बिघडलाय.

बिघडतो कसा ते जुन्या फॉन्टमध्ये ज्यांनी काम केलंय त्यांना लगेच कळेल. तिथे आपण टाइपरायटरसारखं, डोळ्याला दिसेल त्या क्रमाने टाईप करायचो. आर्थिक लिहायचं तर आ, मग वेलांटी, मग थ, मग डोक्यावर रफार, मग क. युनिकोडला हवं आ, र, पाय मोड, थ, वेलांटी, क. म्हणजे कन्व्हर्टरने वेलांटी पुढे ढकलायची आणि रफार मागे न्यायचा, दोन्ही कामं करायची. साधा कन्व्हर्टर वेलांटी ढकलतो पण रफार जिथे सापडला तिथेच र् म्हणून सोडून देतो, मग तो पुढच्या क ला जाऊन चिकटतो. झालं आथिर्क. दर्शन चं दशर्न तसंच. आणि स्थिती मध्ये वेलांटी अख्ख्या स्थ च्या पलीकडे न्यायला हवी होती, त्याने एकच अक्षर ओलांडलं, स ला लावली आणि मोडका पाय वेलांटीच्या नंतर आला.

खात्री करायची असेल तर कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये दोन्ही शब्द टाका आणि शेवटून बॅकस्पेस मारत जा, एका वेळी एक. बरोबर ‘आर्थिक’ मधून आधी क जाईल, मग वेलांटी, मग थ, मग मोडका पाय, मग र, शेवटी आ, सहा वेळा. चुकीच्या ‘आथिर्क’ मध्येही सहाच वेळा, पण क नंतर आधी मोडका पाय जाईल, मग र, आणि वेलांटी त्याच्याही नंतर. समितीसमोर हे करून दाखवा, यात वाद घालायला काही उरत नाही. बोर्डाच्या मूळ मेसेजमधलं श्रीकिसन असंच करून बघितलंत तर क्रम बरोबर निघेल.

संगणक_प्रेमी

एवढं कशाला, फाइंड-रिप्लेस करा ना. रिप्लेस ऑल मध्ये सगळे ‘थिर्क’ चे ‘र्थिक’. आणि अजून फास्ट म्हणजे वेलांटीनंतर र् आला की तो सरळ मागे घ्या, एका रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये अख्खी स्मरणिका साफ.

अक्षरजुळारी

पहिलं करा, दुसरं कृपा करून करू नका. वेलांटीनंतर र् हा मराठीत कायदेशीर आहे. मिर्ची, शिर्डी, किर्लोस्कर, गिर्यारोहण. रिप्लेस ऑल मारलंत की चांगले शब्द बिघडतील आणि ते कुठे बिघडले हे सापडणारही नाही.

जे कधीच बरोबर असू शकत नाही तेवढंच मशीनला शोधायला सांगायचं. काना, वेलांटी, मात्रा यांच्या लगेच नंतर पाय मोडायची खूण मराठीत येतच नाही. लिब्रेऑफिसमध्ये `Ctrl+H`, `Regular expressions` वर टिक, आणि शोधायला हे टाका:

```
[\u093E-\u094C]\u094D
```

‘परिसि्थती’ च्या जातीचे सगळे सापडतील. सापडलेले हाताने सुधारा. पण आथिर्क आणि दशर्न यात सापडणार नाहीत, कारण युनिकोडच्या दृष्टीने त्यांचा क्रम अगदी वैध आहे, तसा शब्द मराठीत नाही एवढंच. ते शब्दकोशाने किंवा गुरुजींसारख्या माणसानेच पकडायचे. जुनी छापील प्रत असेल तर समोर ठेवून वाचा.

कुऱ्हाडे_सोलापूर

माझं पण बघा ना प्लीज, याच विषयातलं आहे. माझं आडनाव कुऱ्हाडे. मुलाच्या सर्टिफिकेटवर ‘कुर्हाडे’ आलं, ह वर रफार. ऑनलाइन फॉर्म मी स्वतः भरला होता आणि स्क्रीनवर नीट दिसत होतं. काउंटरवर म्हणाले तुम्हीच चुकीचं लिहिलं. आणि दुसरी गंमत नाही पण त्रास म्हणजे यादीत नाव शोधलं तर कधी सापडतं कधी नाही. आता ॲफिडेव्हिट करा म्हणतायत.

अक्षरजुळारी

कुऱ्हाडे साहेब, तुमचं थोडं वेगळं आहे पण मूळ नातं आहेच. आपला हा आडवा अर्धा र टाईप करायच्या दोन पद्धती आहेत. एक, साधा र, पाय मोड, मग एक अदृश्य जोडणारी खूण आणि मग ह. तिचा नंबर `U+200D`. दुसरी, खाली टिंब असलेला ऱ, त्याचा नंबर `U+0931`, मग पाय मोड, मग ह. दिसायला दोन्ही सारखेच. पण कॉम्प्युटरला हे दोन वेगळे शब्द, म्हणून यादीत एका पद्धतीचं शोधलं तर दुसऱ्या पद्धतीचं सापडत नाही.

आणि अदृश्य खूण काही ठिकाणी फॉर्म सेव्ह होताना फालतू म्हणून काढून टाकली जाते. ती गेली की उरतं र, पाय मोड, ह, आणि त्याचा नियमाप्रमाणे रफार होतो. तुमच्याकडे तसंच झालं असावं असा माझा अंदाज आहे, फॉर्म न बघता खात्रीने कसं सांगू. पुढच्या वेळी टिंबाच्या ऱ ने लिहा, त्यात काढून टाकायला अदृश्य काही नाही.

संगणक_प्रेमी

पण टिंबवाला ऱ काही फॉन्टमध्ये अर्धा होतच नाही, टिंबासकट र दिसतो आणि खाली पाय. मी पाहिलंय. मला अदृश्य खुणेचीच पद्धत बरी वाटते, फोनच्या कीबोर्डवर मला तीच येते.

अक्षरजुळारी

हो, काही फॉन्टमध्ये होतं तसं. पण तिथे निदान डोळ्याला दिसतं की काहीतरी बिघडलंय आणि आतलं नाव शाबूत राहतं. खूण उडाली की नाव कायमचं बदलतं, आणि आचारी जेवायला वाढतो त्या आचाऱ्यांचे आचार्य होतात, दऱ्यांचा दर्या होतो, कोणाला शंकाही येत नाही. छापायचं असेल तर फॉन्ट बघून ठरवा, फॉर्म भरायचा असेल तर मी टिंबाच्याच बाजूने.

संगणक_प्रेमी

मी अजून पूर्ण सहमत नाही. फॉर्मवाल्यांनी खूण काढायलाच नको, चूक त्यांची आहे. आपण का बदलायचं?

कुऱ्हाडे_सोलापूर

चूक कोणाचीही असो, रांगेत मी उभा राहतोय.

टायपिंगवाली_अक्का

ज्यांच्याबद्दल हा धागा आहे ती मीच. सरांनी काल लिंक पाठवली. सगळं वाचलं.

घरी आम्ही तेलुगू बोलतो हे खरं, पण पहिलीपासून मराठी शाळेत शिकलेय आणि टायपिंगची परीक्षा मराठीतच दिलीय. बोर्डाचा मजकूर पाठवायच्या आधी मी तीन वेळा वाचला होता, त्यातून हुतात्म्यांची नावं म्हणून तर जास्तच. बोर्ड बघितला तेव्हा क्षणभर मलाच वाटलं की आपणच असं टाईप केलं की काय. त्या दिवशी घरी जाऊन वडिलांना सांगितलं सुद्धा नाही.

आज ऑफिसात बॅकस्पेसचं करून बघितलं. श्रीकिसन मध्ये शेवटून न, स, मग वेलांटी, मग क, मग दुसरी वेलांटी, र, मोडका पाय, श. आठ वेळा. सगळं जागच्या जागी आहे.

स्मरणिकेत मात्र माझी एक चूक आहे ती सांगते. कन्व्हर्ट झालेली फाइल मी न वाचता तशीच लावली, जुनं भाषण आहे म्हणजे बरोबरच असणार असं धरून चालले. वर दिलेलं शोधून बघितलं तर सतरा ठिकाणी सापडलं, ते सुधारलं. आथिर्क आणि धामिर्क वेगळे शोधले. दशर्न वाले अजून चालू आहेत. गुरुजींनी खुणा केलेली प्रत मिळाली तर माझं काम लवकर होईल.

निवृत्त_गुरुजी

प्रत उद्या सकाळी वाचनालयात आणून देतो. पहिली चाळीस पानं झाली आहेत. उरलेली आपण दोघं समोरासमोर बसून वाचू, मी जुनी छापील प्रत मोठ्याने वाचतो, तू स्क्रीनवर बघ.

आणि बाळ, मी वर जे लिहिलं की उच्चारच केलेला नाही, ते तुला लागू नव्हतं. ते मी मागे घेतो. समितीला मी स्वतः तसं लेखी देतो.

रूपाली_पार्कचौक

अक्का, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. पैसे कापायचं काय झालं मग?

पेठेतला_वाचक

काल संध्याकाळी बैठक झाली. मी लॅपटॉप घेऊन गेलो, तिचा त्या दिवशीचा मेसेज सगळ्यांसमोर नोटपॅडमध्ये टाकला आणि एकेक अक्षर मागून काढत गेलो. मेसेजवर पाठवल्याची वेळ आहे आणि एडिट केल्याची खूण नाही, तेही दाखवलं. दोघंजण तरी म्हणालेच की एवढं टेक्निकल आम्हाला कळत नाही, पण सारडा बरोबर आणि श्रीकिसन चूक कसं, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. मानधन कापायचं रद्द झालं. दुकानदाराकडे मी स्वतः गेलो, भांडायला नाही, त्याच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप आणि डिझाइन दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या, तो पण गप्प बसला थोडा वेळ. त्याचं व्हर्जन जुनं आहे, बदलणं त्याला लगेच परवडत नाही म्हणतो, म्हणून नवा बोर्ड आम्ही इंकस्केपमध्ये कर्व्ह करून पीडीएफ दिला. खर्च निम्मा निम्मा.

एक अडचण आली ती विचारतो. कर्व्ह केलेल्या पीडीएफमध्ये सगळी नावं नीट आली पण ‘शिंदे’ मधला अनुस्वार वेलांटीच्या कमानीला चिकटल्यासारखा दिसतोय, लांबून ठळक टाईपमध्ये तर दिसतच नाही. मुक्ताचा सर्वात जाड वापरलाय. फॉन्ट बदलू की जाडी कमी करू? उद्या दुपारपर्यंत फाइल द्यायची आहे.

बाळू_फ्लेक्स

एक नंबर कमी जाड घ्या आणि साईज वाढवा. आणि छापायच्या आदी ए४ वर एक प्रिंट काढून भिंतीला लावा, लांब जाऊन वाचा. अनुस्वार वाचता आला तर द्या.